टपरीवर हसतात, स्टेजवर हसत नाहीत: पाच मिनिटांचा सेट कसा बांधायचा

प्रश्न: मी दारव्हा तालुक्यातला, शेती करतो. नागपूरच्या एका ओपन माइकला पाच मिनिटं मिळाली आहेत. पानटपरीवर माझ्या गोष्टींवर लोक पोट धरून हसतात. शेतातली रात्रीची लाइट, बाप अन् मोबाइल, एसटी, पोरगी पाहायचा कार्यक्रम हे माझे विषय. पण शेजारच्या गावच्या गणपतीत हेच बोललो तर कोणी हसलं नाही. सुरुवात कशानं करू, एका विषयातून दुसऱ्यात कसा जाऊ, अन् शेवटी काय ठेवू?

उत्तर:

भाऊ, तुमचे विनोद वाईट आहेत असं मला वाटत नाही. चारही विषय तुमचे स्वतःचे आहेत, कुठून उचललेले नाहीत. अडचण विषयांच्या क्रमातही फारशी नाही. टपरीवरचे लोक तुमच्या बापाला ओळखतात. त्यांचा राग, त्यांची चाल, त्यांचा जुना मोबाइल सगळं त्यांना ठाऊक. तुम्ही नुसतं "काल बापानं फोन उचलला" म्हणता आणि पुढचं न सांगताच ते हसायला लागतात. शिवाय एखादा मित्र मध्येच म्हणतो, "ते एसटीचं सांग ना बे," म्हणजे एका विषयातून दुसऱ्यात तोच तुम्हाला नेऊन सोडतो. शेजारच्या गावात बाप अनोळखी आणि मित्रही नाही. नागपुरात तर तुम्ही स्वतःच अनोळखी.

म्हणून पाच मिनिटांचं खरं काम एवढंच: अनोळखी माणसांना सुरुवातीला दोन-तीन गोष्टींची ओळख करून द्यायची आणि शेवटी तीच ओळख वापरून हसवायचं. स्टँडअपवाले ज्याला कॉलबॅक म्हणतात तो हाच प्रकार. आधी एकदा हशा घेऊन गेलेली गोष्ट नंतर नको तिथं अचानक परत येते, आणि समोरच्याला वाटतं की आपण या माणसाला फार दिवसांपासून ओळखतो. टपरीवर हे आपोआप होतं, कारण तिथलं निम्मं हसू जुन्याच गोष्टींवर असतं. स्टेजवर ते पेरावं लागतं.

मी सेट नेहमी मागून पुढे बांधतो. आधी शेवट ठरवतो, मग त्या शेवटाला काय काय माहीत असायला हवं ते बघतो, आणि ते आधीच्या भागात कुठं कुठं पेरता येईल ते शोधतो. तुमच्या विषयांवरच करून दाखवतो. विनोद मी जुळवलेले आहेत, तुमच्या घरचे तपशील तुम्ही भरा.

तुमच्या चारमध्ये शेवटाला लायक एकच विषय आहे, पोरगी पाहायचा कार्यक्रम. कारण त्यात माणसं जास्त, सगळे अवघडलेले, आणि कोणीतरी काहीतरी चुकीचं बोलणार हे बघणाऱ्याला आधीच कळतं. अशा जागी बाहेरची गोष्ट घुसली की ती फुटते. घुसवायची कोणती? शेतातल्या मोटारीचा, मोबाइलवर चालणारा स्टार्टर. त्यात सिमकार्ड असतं, शेतात मोटारीला लागणारी थ्री फेज लाइट आली की तो फोन करतो, आणि रेकॉर्ड केलेल्या आवाजात एक बाई सांगते. अवेळी फोन करणारी बाई आणि पोरगी पाहायचा कार्यक्रम, या दोन गोष्टी एका खोलीत आणल्या की शेवट झाला. तो असा:

"पोहे आले. पोरगी आली. सगळे चूप. पोरीच्या मायनं विचारलं, पोराले काही नाद तं नाई ना? तेवढ्यात टेबलावर माहा मोबाइल वाजला. त्यावर नाव आलं, लक्ष्मी. पोरीच्या मायनं वाचलं. म्हणे, लक्ष्मी कोण हाय? मी म्हणलं, मोटार."

इथं पहिला मोठा हशा. मग:

"म्हणे, उचला. स्पीकरवर. उचलला. 'थ्री फेज लाइट आलेली आहे. मोटार चालू करण्यासाठी एक दाबा.' पोरीचा बाप ताडकन उठला. आमचीबी आली असन! गेला. पोरीचा मामा गेला. आमचा आजा, ज्याले फुकट म्हणून आणला होता, तो काठी ठेवून पळाला. बाया चहा ठेवाले आत गेल्या. राहिलो मी अन् पोरगी. ते पहिल्यांदा बोलली. म्हणे, हे बंद कराले किती दाबा लागते?"

आता या शेवटाचा हिशेब करा. तो चालायला ऐकणाऱ्याला पाच गोष्टी आधीच माहीत हव्यात: स्टार्टर फोन करतो, आवाज बाईचा असतो, ती "एक दाबा" म्हणते, तिचं नाव लक्ष्मी आहे, आणि आजा फुकट आला आहे. यातली एकही गोष्ट शेवटात समजावून सांगायची नाही. शेवटात समजावत बसलात की हशा मेला. प्रत्येक गोष्ट आधी कुठंतरी सांगायची, आणि जिथं सांगाल तिथंही तिनं स्वतःचा एक हशा कमवायचा. नुसती माहिती म्हणून पेरली तर ऐकणारा ती विसरतो. ज्यावर तो हसला, तेवढंच त्याच्या लक्षात राहतं.

सुरुवात. माइक हातात आल्यापासून वीस-तीस सेकंदांत पहिला हशा यायला हवा. त्याच वेळात लोक ठरवतात की हा माणूस आपल्याला सांभाळेल की आपण याला सांभाळायचं. म्हणून "नमस्कार मंडळी, कसे आहात, आवाज येतोय का" यातलं काही नको. सर्वांत चांगला विनोद शेवटी आणि त्याच्या खालोखालचा सुरुवातीला, हा जुना नियम मला पटतो. फक्त सुरुवातीचा विनोद लहान हवा. तुमचा असा होईल:

"मी दारव्ह्याकडचा. शेती करतो. लग्न नाई झालं. पण मले एका बाईचा फोन येते. कधी रात्री दोनले, कधी भरदुपारी जेवताना. गोड आवाज. म्हणते, 'थ्री फेज लाइट आलेली आहे. मोटार चालू करण्यासाठी एक दाबा.'"

साधारण पंचवीस सेकंद झाले. तुम्ही कोण, कुठले, लग्न झालं नाही हे सगळं आलं. शेवटाला लागणाऱ्या पाचपैकी तीन गोष्टी पेरल्या गेल्या आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही. "भरदुपारी" हा शब्द मुद्दाम घातला आहे. पोरगी पाहायचा कार्यक्रम दिवसा असतो. लाइट फक्त रात्रीच येते असं सुरुवातीला सांगून बसलात तर शेवटी पहिल्या रांगेतला एखादा शेतकरी मनात म्हणेल, दिवसा कशी आली? तो तेवढा विचार करेपर्यंत तुमचा हशा निघून जातो.

इथं जागेप्रमाणे बदल करावा लागतो. दारव्हा, दिग्रस, आर्णीकडे "थ्री फेज लाइट" म्हटलं की लोक फुटतात, काही समजवावं लागत नाही. नागपूरच्या कॅफेत समोर पंचवीस पोरं असतील तर त्यातल्या काहींना स्टार्टर फोन करतो हेच माहीत नसतं. तिथं विनोदाच्या आधी एक वाक्य टाका: "आमच्याकडे लाइट आली की मोटारच फोन करते." पण ते विनोदाच्या आधी. नंतर टाकलं तर ते स्पष्टीकरण होतं.

दुसरा भाग बाप अन् मोबाइल. इथं लक्ष्मी जन्माला येते. "एकदा तो फोन बापानं उचलला. बापाले वाटलं खरीच बाई हाय. म्हणे, हाव बाई, आलो. ते पुन्हा म्हणे, एक दाबा. बाप म्हणे, दाबतो ना बाई, पण तू एवढ्या रात्री जागी काऊन हाय? झोप ना आता." हशा थांबू द्या, मग शेपूट: "मायसंग तीस वर्षांत एवढं गोड नाई बोलला." अजून एक शेपूट: "दुसऱ्या दिवशी माह्या मोबाइलमध्ये त्यानं तिचं नाव टाकाले लावलं. लक्ष्मी. मी म्हणलं, लक्ष्मी काऊन? म्हणे, आली तं घरात काहीतरी येते. नाई आली तं काहीच येत नाई."

मूळ विनोदानंतर त्याच चित्राला जोडून येणाऱ्या या लहान लहान फटक्यांना आमच्यात टॅग म्हणतात. नवीन माणूस ते वापरत नाही, तो लगेच पुढच्या विषयावर उडी मारतो. पाच मिनिटांत सात-आठ वेगळे विषय आणण्यापेक्षा तीन-चार विषय आणून प्रत्येकाला दोन टॅग लावणं कधीही बरं, कारण नवीन विषय म्हणजे पुन्हा सगळी ओळख करून देणं आणि त्यात हशा नसलेले दहा-पंधरा सेकंद जातात. टॅगला ओळख लागत नाही.

तिसरा भाग एसटी, आणि तो मुद्दाम वेगळा ठेवायचा. लक्ष्मी दुसऱ्या भागात येऊन लगेच चौथ्यात आली असती तर लोकांनी ती आधीच ओळखली असती. मध्ये मिनिट-सव्वा मिनिट दुसरं काहीतरी हवं, लक्ष्मी विसरली जायला. शिवाय आजा इथूनच येतो. एसटीत 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना प्रवास फुकट झाला आणि 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट, हे सगळ्या गावाला पाठ आहे. त्यावर: "पोरगी पाहाले कोण जाईन यावर घरी मीटिंग झाली. माय हाफ. आजा फुकट. बाप फुल. बाप म्हणे, मी नाई येत, मी महाग पडतो." आणि टॅग: "आजाले पोरीचं नावबी मालूम नाई. पण तो फुकट हाय म्हणून तोच पहिले गाडीत."

यात तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे एका विषयातून दुसऱ्यात जायचं, उत्तर येऊन गेलं. बापाकडून एसटीत जायला मी काहीही जोडलं नाही. बापाचा हशा संपला, एक श्वास घेतला, सरळ "पोरगी पाहाले कोण जाईन" सुरू. लोकांना जोड लागत नाही, त्यांना फक्त कळायला हवं की आता नवीन गोष्ट सुरू झाली. त्यासाठी एक पाऊल बाजूला सरकणं किंवा माइक दुसऱ्या हातात घेणं पुरतं. "बरं ते जाऊ द्या, आता मी तुम्हाला एसटीचा किस्सा सांगतो" हे वाक्य दोन सेकंद खातं आणि लोकांना सावध करतं की आता विनोद येणार. सावध माणूस कमी हसतो. एसटीतून पोरीच्या घरी जायला मात्र जोड आपोआप तयार आहे, कारण गाडी तिकडेच चालली आहे. "गाडीतून उतरलो, पोरीच्या घरी बसलो, पोहे आले." जिथं अशी जोड फुकट मिळते तिथं घ्या, नसेल तिथं ओढूनताणून आणू नका.

वेळेचा हिशेब साधा आहे. सुरुवात अर्धा मिनिट, बाप सव्वा मिनिट, एसटी एक मिनिट, शेवट दीड मिनिट. हे सव्वाचार मिनिटं होतात. उरलेलं पाऊण मिनिट लोकांच्या हसण्याचं, ते तुमचं नाही. घरी वाचताना पाच मिनिटं भरली तर स्टेजवर सहा होतील. माझ्या बोलण्याच्या वेगानं पाच मिनिटांत साडेचारशे-पाचशेच्या वर शब्द बसत नाहीत. तुम्ही जलद बोलत असाल तर थोडे जास्त, पण जलद बोलू नका. ओपन माइकला बहुतेक ठिकाणी एक मिनिट उरलं की मागून लाइट दाखवतात, पुष्कळदा नुसता मोबाइलचा टॉर्च. कुठं कधी दाखवतात ते जाण्याआधी आयोजकाला विचारून घ्या. तुमचा शेवट दीड मिनिटाचा आहे, म्हणजे लाइट दिसेपर्यंत तुम्ही पोरीच्या घरात पोचलेले हवेत. नसाल पोचले, तर एसटीचे टॅग सोडून द्या. आजा "फुकट हाय" एवढं एक वाक्य आणि थेट पोहे. कापायचं काय हे घरूनच ठरवून जा. स्टेजवर ठरवायला गेलात तर हात नेमका लक्ष्मीवर पडतो, आणि ती गेली की शेवटही गेला.

वाक्याच्या शेवटाकडे बारीक लक्ष द्या, आपली भाषा इथं दगा देते. आपलं क्रियापद शेवटी येतं, म्हणून हसवणारा शब्द अलीकडे राहतो आणि त्याच्यामागे "होती ना ते" असं काहीतरी लोंबतं. "मी म्हणलं, ते तं आमच्या मोटारीचा फोन हाय ना काकू" असं म्हणाल तर लोक "मोटारी"वर हसायला लागतील आणि तुम्ही अजून बोलत असाल. तुमचं बोलणं ऐकायला ते हसणं आवरतात. म्हणून नुसतं "मोटार", आणि तोंड बंद. शेवटचं वाक्यही असंच तोडलं आहे. "दाबा लागते" हे मागे येतंच, ते टाळता येत नाही, पण त्याच्यानंतर एक अक्षर नको. "असं म्हणाली ते" तर मुळीच नको.

हे सगळं पाहुण्या गावात किंवा मंडळाच्या मांडवात करायचं असेल तर थोडं बदलतं. उघड्या मैदानात हसू वर निघून जातं, मागच्या रांगेला विनोद उशिरा पोचतो आणि पुढे पोरं बसलेली असतात. तिथं टॅग वाया जातात, कारण पहिल्या हशाच्या गोंगाटात ते ऐकूच येत नाहीत. टॅग निम्मे करा, थांबणं दुप्पट करा. झाडीपट्टीत, वडसा-ब्रह्मपुरीकडे दिवाळीनंतर जे नाटकं रात्रभर चालतात, तिथल्या विनोदी नटाला तोंड उघडायच्या आधीच हशा मिळतो, कारण लोक त्याला वर्षानुवर्षं बघत आलेले असतात. त्याचं बघून आपण तसंच आरामात सुरुवात करायला जाऊ नये. त्याची ओळख आधीच झालेली आहे, आपली व्हायची आहे. आणि मांडवात बायाबापड्या, म्हातारे सगळे असतात. वरच्या सेटमध्ये शिवी नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. "एक दाबा"वर कोणी वेगळा अर्थ काढून हसलं तर हसू द्या, तुम्ही त्यात भर घालू नका.

जाण्याआधी हा सेट दोन-तीन ठिकाणी बोलून बघा, टपरीवर मात्र नको. टपरीचं हसू खोटं नसतं, पण ते तुम्हाला काही शिकवत नाही. चुलतभावाच्या सासरी, कॉलेजच्या जुन्या मित्राच्या खोलीवर, जिथं बापाला कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी बोला. मोबाइल खिशात रेकॉर्डिंगला लावा आणि घरी ऐकताना कागदावर वेळ टाकत जा: कितव्या सेकंदाला हसले, किती वेळ हसले. नजर दोन ठिकाणी ठेवा. पहिली, बापाच्या भागात "लक्ष्मी" म्हटल्यावर. तिथं छोटा का होईना, हशा यायलाच हवा. नाही आला तर नाव लोकांच्या डोक्यात बसलं नाही, आणि शेवटी मोबाइलवर नाव झळकलं तरी काही होणार नाही. तेव्हा शेवट दुरुस्त करू नका, लक्ष्मीचा विनोद दुरुस्त करा. कॉलबॅक पडला की नवखे लोक कॉलबॅकच घासत बसतात, पण दोष जवळजवळ नेहमी पेरणीच्या जागी असतो.

दुसरी, "मोबाइल वाजला" म्हटल्यावर. इथंच लोक हसायला लागले, नाव सांगायच्याही आधी, तर त्यांनी ओळखलं. याचा अर्थ मधला एसटीचा भाग आखूड पडला किंवा तुम्ही मध्ये लक्ष्मीची आठवण उगाच करून दिली. उलट "मोटार" म्हटल्यावर क्षणभर शांतता आणि मग हशा आला, तर घाबरू नका. माणसं आधीची गोष्ट आठवून ती जोडत असतात, तेवढा वेळ लागतोच. त्या शांततेत पुढचं वाक्य घालायचं नाही, एवढं एक सांभाळा. नवीन माणूस तिथंच घाबरून बोलतो आणि येणारा हशा स्वतःच तोडतो.

सुरुवातीचा विनोदच पडला तर? होतं तसं, विशेषतः तुमच्याआधी कोणी फार हसवून गेलं असेल किंवा लोक अजून चहा घेत असतील. सेट बदलू नका आणि "अरे हसा की" म्हणू नका. लोक हसले नसले तरी आवाज त्यांनी ऐकलेला असतो. फक्त बापाच्या भागात बाईचं ते वाक्य एकदा पूर्ण म्हणा, "थ्री फेज लाइट आलेली आहे" सकट, म्हणजे राहिलेल्यांना ते कळेल. मी मुद्दाम दुसऱ्या भागात स्टार्टरच ठेवला आहे तो त्यासाठीच.

शेवटचा हशा आला की तो वर चढत असतानाच नाव सांगा, माइक स्टँडला लावा आणि निघा. टाळ्या मिळाल्या म्हणून अजून एक विनोद सांगायचा मोह होतो, तो आवरा. आपल्याकडे सभेत बोलायची सवय असल्यामुळे तोंडातून "एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो" निघतं, ते तर नकोच. आणि तुमचा डीजेचा किंवा वरातीचा एखादा किस्सा या सेटमध्ये बसवायचा विचार मनात येत असेल, तर तो वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. त्याचे वेगळे पाच मिनिटं होतात.